पॅसेजच्या बोर्डातली हिरवी वायर

पुण्यातल्या जुन्या इमारतीत आम्ही भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार, तो दरवर्षी पुढे वाढतो. वायरिंग नव्वदच्या दशकातलं आहे, पण मागच्या रंगकामाच्या वेळी घरमालकांनी मीटरजवळची फ्यूजची जुनी पेटी काढून एमसीबी आणि आरसीसीबी बसवून घेतले होते. ते नसते, तर माझी चूक कितीतरी दिवस लक्षातच आली नसती.

मला घरातले दिवे फोनवरून आणि आवाजाने चालू-बंद करायचे होते. भिंतीवरचे स्विच बदलायचे नव्हते, कारण घर आपलं नाही. म्हणून बोर्डाच्या आत, स्विचच्या मागे बसणारे काड्यापेटीएवढे वाय-फाय रिले मोड्यूल घ्यायचं ठरवलं. जुना स्विच तसाच वापरता येतो आणि घर सोडताना मोड्यूल काढून नेता येतो. या मोड्यूलला न्यूट्रल लागतो हे मी वाचलं होतं. स्विचला तो लागत नाही. स्विच फक्त फेज तोडतो आणि जोडतो. मोड्यूलमध्ये मात्र रेडिओ असतो, दिवा बंद असतानाही तो जागा राहतो आणि त्याला सतत थोडी वीज लागते. म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही.

खात्री करायला मी हॉलचा बोर्ड उघडवला. आत काळी वायर दिसली. घरात न्यूट्रल आहे असं मानून मी सगळ्या खोल्यांसाठी मोड्यूल मागवले. ही पहिली चूक. आपल्याकडे बोर्डात न्यूट्रल येतो तो बहुतेक वेळा स्विचसाठी नाही, सॉकेटसाठी. हॉल आणि बेडरूमच्या बोर्डांवर सॉकेट होतं, म्हणून तिथे काळी वायर होती. पॅसेज, बाथरूम आणि बाल्कनीचे बोर्ड नुसत्या स्विचचे. तिथे फेज येतो, स्विचमधून वर दिव्याकडे जातो, आणि दिव्याचा न्यूट्रल छतातून परस्पर येतो. तो भिंतीवरून खाली उतरतच नाही. प्रश्न घराचा नसतो, एकेका बोर्डाचा असतो. बोर्ड न उघडताही अंदाज बांधता येतो: सॉकेट असेल तर न्यूट्रल असणार, नसेल तर बहुधा नसणार.

वायरमन पॅसेजचा बोर्ड उघडून म्हणाला, “ताई, इथे काळी नाही. पण हिरवी आहे, तिच्यावर चालेल. अर्थिंग आणि न्यूट्रल शेवटी एकच.” मी विचारलं, “नक्की?” त्याने जोडून दाखवलं. मोड्यूल सुरू झाला, दिवा लागला. मी तिन्ही बोर्डांत तसंच करायला सांगितलं. हात त्याचा होता, पण निर्णय माझा होता.

त्याच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. ट्रान्सफॉर्मरजवळ न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटर लावला तरी जवळपास 230 व्होल्ट दिसतात. पण न्यूट्रल हा विजेचा रोजचा परतीचा मार्ग आहे. अर्थिंगमध्ये वीज फक्त बिघाड झाल्यावर यायची असते. गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या धातूच्या अंगाला तीच हिरवी वायर जोडलेली असते. वाटेत ती कुठे तुटली किंवा सैल झाली, तर मोड्यूलमधून आलेल्या प्रवाहाला जमिनीकडे वाट उरत नाही, त्या अंगांवर व्होल्टेज येतं, आणि हात लावणाऱ्याला झटका बसतो.

काही दिवसांनी सकाळी आरसीसीबी पडू लागला. रोज नाही, पण बहुतेक वेळा गीझर चालू असतानाच. सगळ्यांनी गीझरवर संशय घेतला, मीही. घरमालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, गीझर जुनाच आहे, कॉइल बघून घे.” कॉइल बदलली. पडणं कमी झालं, थांबलं नाही. मी त्यांना नाहक खर्चात पाडलं, याची मला अजून लाज वाटते.

शेवटी दुसऱ्या, अनुभवी वायरमनने हिशोब समजावला. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. घरातला आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपियरचा असतो आणि 15 ते 30 च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. असा मोड्यूल एक वॅटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे चार-पाच मिलिअँपियर, कधी त्याहून जास्त. एकट्या मोड्यूलने काहीच होत नाही, आणि म्हणूनच जोडणी बरोबर आहे असं वाटतं. पण तीन मोड्यूल अर्थिंगवर, सकाळी पॅसेज आणि बाथरूमचे दिवे लागलेले असताना रिले ओढलेले, त्यात गीझरच्या कॉइलची स्वतःची थोडी गळती. बेरीज पंधराच्या पुढे गेली की आरसीसीबी कधीही पडणार. त्याने तिन्ही मोड्यूलच्या हिरव्या वायरी सोडवल्या. त्यानंतर आरसीसीबी पडला नाही.

मी त्याला विचारलं, टेस्टरने हे कळलं नसतं का? नसतं. टेस्टर फेजवर पेटतो. न्यूट्रलवर पेटत नाही आणि अर्थिंगवरही पेटत नाही. मल्टिमीटरही व्होल्टेज जवळपास सारखंच दाखवतो. त्याची रीत वेगळी होती. आरसीसीबी बंद केला की फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. मग संशयित वायर आणि सॉकेटची वरची मोठी पिन यांच्यात जोड आहे का हे मीटरने बघायचं. जोड सापडला, तर ती वायर अर्थिंगची. हे काम जाणकारानेच करावं.

त्या तीन बोर्डांसाठी मी मग न्यूट्रल न लागणारा स्विच आणून पाहिला. तो दिव्यातूनच थोडा प्रवाह चोरून स्वतः जागा राहतो. जुन्या फिलामेंटच्या बल्बला ते कळत नाही. नऊ वॅटच्या एलईडीत मात्र तेवढ्या प्रवाहाने आतला कपॅसिटर हळूहळू भरतो आणि मध्येच रिकामा होतो, म्हणून बंद दिवा रात्रभर लुकलुकत राहिला. दिव्याला समांतर छोटा कपॅसिटर जोडला की हे थांबतं, पण तो होल्डरपाशी, छताजवळ बसवावा लागतो. भाड्याच्या घरात मला ते नको होतं.

स्मार्ट बल्बला न्यूट्रलची अडचणच नाही, कारण होल्डरमध्ये दोन्ही वायरी असतातच. त्याची अडचण भिंतीवरच्या स्विचची आहे. सासूबाई सवयीने स्विच बंद करत, आणि मग बल्ब फोनवर दिसतच नसे. वीज जाऊन-येऊन झटपट तीनदा लुकलुकली, की तो जोडणी विसरून नव्याने फोनशी जोडून घ्यायला लागे. वीज परतली की मध्यरात्री पूर्ण उजेडात लागत असे. हे मात्र ॲपमध्ये “वीज आल्यावर बंद राहा” असं ठरवून सुटलं.

आता हॉल आणि बेडरूममध्ये मोड्यूल आहेत, न्यूट्रल त्याच बोर्डाच्या सॉकेटवरून घेतलेला. आरसीसीबी एकापेक्षा जास्त असतील किंवा इन्व्हर्टरची लाइन वेगळी असेल, तर न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा, नाहीतर हाच घोळ पुन्हा. बाल्कनीत स्मार्ट बल्ब आहे, कारण तिथला स्विच कुणी फारसं दाबत नाही. पॅसेज आणि बाथरूममध्ये साधे एलईडी आहेत आणि ते तसेच राहतील.

तुमच्या घरी असे मोड्यूल बसवलेले असतील, तर मेन बंद करून एखाद्या वायरमनकडून सॉकेट नसलेला बोर्ड उघडून घ्या. मोड्यूलच्या न्यूट्रलच्या स्क्रूखाली हिरवी वायर दिसली, तर ती आजच काढायला सांगा, दिवा कितीही व्यवस्थित लागत असला तरी.