यादीत नसलेली नावं

शेअर बाजारातली कुठलीही कल्पना आधी जुन्या भावांवर चालवून बघावी आणि तिथे टिकली तरच तिच्यात पैसे घालावेत, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. मित्रांनाही तेच सांगत आलो. टीव्हीवरच्या टिपा, ऑफिसातली कुजबुज, मेहुण्याने घेतला म्हणून आपणही घेतलेला शेअर, या सगळ्यापुढे बॅकटेस्ट मला फार स्वच्छ वाटायची. तिथे नियम आधी लिहिलेला असतो, आकडे डोळ्यांसमोर असतात. आजही मी बॅकटेस्ट करतो. पण तिचा चांगला निकाल म्हणजे पुरावा, हे माझं मत आता राहिलेलं नाही. ते का बदललं हे सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या आधीच्या मताने चालणारी पुष्कळ शहाणी माणसं मी रोज पाहतो.

माझ्या आवडीचा नियम साधा होता. बाजारात त्याला मोमेंटम म्हणतात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घ्यायच्या, शेवटचा महिना सोडून त्याआधीच्या अकरा महिन्यांत कोणता शेअर किती वाढला ते काढायचं, पहिले दहा सारख्या रकमेने विकत घ्यायचे. पुढच्या महिनाअखेरीला पुन्हा क्रमवारी लावायची. जो दहातून घसरला तो विकायचा, जो वर आला तो घ्यायचा. नियमात अंदाज नाही, मत नाही. २००८ पासूनच्या भावांवर तो चालवला की निफ्टीला मागे टाकणारी सुरेख चढती रेघ उमटते.

आता प्रश्न असा की निफ्टीतल्या ‘पन्नास कंपन्या’ म्हणजे नेमक्या कोणत्या? बहुतेक जण करतात तेच मी करायचो. आजची यादी उतरवून घ्यायची आणि त्या पन्नास नावांचे जुने भाव मागवायचे. या एका पायरीतच निकाल जवळजवळ ठरून जातो.

आजच्या यादीत बजाज फायनान्स आहे. २००९ मध्ये ती बजाज ऑटो फायनान्स या नावाची, दुचाकीला कर्ज देणारी लहानशी कंपनी होती. निफ्टीत तिला जागा मिळाली २०१७ मध्ये, म्हणजे शेअर कित्येक पटींनी वाढून झाल्यानंतर. आयशर मोटर्सचंही तसंच. ती आली २०१६ मध्ये. निर्देशांकात येण्यासाठी कंपनी आधी मोठी व्हावी लागते. म्हणून आजची यादी हातात घेऊन मी २००९ मध्ये गेलो की त्या वर्षीच्या कुठल्याही गुंतवणूकदाराकडे नसलेली माहिती माझ्याजवळ असते: पुढे कोण मोठं होणार आहे. नियम हुशार असण्याची गरजच उरत नाही.

दुसरी बाजू जास्त गंभीर आहे, कारण ती दिसत नाही. २००८ च्या सुरुवातीला निफ्टीत युनिटेक होती, सुझलॉन होती, रिलायन्स कम्युनिकेशन्स होती, सत्यम होती. आदल्या वर्षीच्या तेजीत यांतली काही नावं घरोघरी पोचली होती, आणि गेल्या वर्षी भरपूर वाढलेला शेअर शोधणारा नियम अशाच नावांकडे ओढला जातो. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे संस्थापक रामलिंग राजूंनी हिशेबांतल्या घोटाळ्याची कबुली दिली आणि कंपनीचा शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक पडला. कंपनी निर्देशांकाबाहेर गेली आणि २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन झाली. रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यानंतरचं उदाहरण येस बँकेचं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये चारशे रुपयांच्या आसपास असलेला हा शेअर, मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले तेव्हा काही रुपयांवर आला आणि त्याच महिन्यात निफ्टीतून बाहेर पडला.

यांतलं एकही नाव माझ्या चाचणीत नव्हतं. माझ्या संगणकावरच्या २००८ सालात सत्यम नावाची कंपनी अस्तित्वातच नव्हती. काही शाळा दहावीचा शंभर टक्के निकाल लावण्यासाठी कच्च्या मुलांना नववीतच थांबवतात. आजच्या यादीवर केलेली बॅकटेस्ट त्याच तऱ्हेचा निकाल देते. यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात, आणि हा शब्द मी बॅकटेस्ट करू लागण्याआधीपासून ओळखत होतो. तो दोन-चार टक्क्यांची किरकोळ दुरुस्ती मागतो एवढीच माझी समजूत होती.

समजूत बदलली ती एका साध्या तपासणीने. ती कुणीही करू शकतो. नियम काढून टाका. यादी तीच ठेवा, तारखा त्याच ठेवा आणि दर महिन्याला दहा कंपन्या चिठ्ठ्या टाकून निवडा. संगणकाला हे हजार वेळा करायला लावा. आजच्या यादीतून आंधळेपणाने उचललेले दहा शेअरसुद्धा निफ्टीला सहज मागे टाकतात. म्हणजे ज्या चढत्या रेघेचं श्रेय मी मोमेंटमला देत होतो, तिचा मोठा भाग यादीचा होता. तेव्हापासून मी कुठल्याही नियमाची तुलना आधी चिठ्ठ्यांशी करतो. त्या हजार निकालांत माझा नियम मधेच कुठेतरी बसत असेल, तर त्याच्यात काही नाही. निफ्टीशी तुलना त्यानंतर करावी, आणि तीही लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी; नाहीतर वर्षाला एक-सव्वा टक्का आपल्याला फुकट मिळतो.

योग्य यादी बनवणं कष्टाचं आहे, पण शक्य आहे. राष्ट्रीय शेअर बाजार रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या सर्व व्यवहारांची फाइल काढतो, तिला भावकॉपी म्हणतात. तिचा जुना साठा वापरला तर त्या त्या दिवशी जिवंत असलेली प्रत्येक कंपनी सापडते, नंतर बुडालेलीसुद्धा. निर्देशांकातले बदल त्या वेळच्या जाहीर पत्रकांतून जुळवावे लागतात. चिन्हं बदलतात, इन्फोसिस पूर्वी INFOSYSTCH होती, आता INFY आहे. शिवाय भावकॉपीतले भाव बोनस आणि विभाजनासाठी सुधारलेले नसतात. इन्फोसिसने २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला, ते लक्षात घेतलं नाही तर शेअर एका रात्रीत निम्मा झाला असं दिसतं आणि नियम घाबरून तो विकून टाकतो. आणि गायब झालेली प्रत्येक कंपनी बुडालेली नसते. एचडीएफसी २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेत विलीन झाली तेव्हा भागधारकाला २५ शेअरांमागे बँकेचे ४२ शेअर मिळाले. तिथे शून्य मांडणं तितकंच चुकीचं.

हे सगळं निस्तरलं तरी एक गोष्ट राहते, आणि माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते तिच्यामुळे. गायब फक्त कंपन्या होत नाहीत, नियमही होतात.

अकरा महिनेच का? तीन, सहा, नऊ का नाहीत? शेअर दहाच का, पाच, पंधरा किंवा वीस का नाहीत? शेवटचा महिना सोडायचा की धरायचा? निफ्टी दोनशे दिवसांच्या सरासरीखाली असताना खरेदी थांबवायची की नाही? स्टॉपलॉस लावायचा नाही, की दहा, पंधरा किंवा वीस टक्क्यांवर लावायचा? गुणाकार करा: चार गुणिले चार गुणिले दोन गुणिले दोन गुणिले चार, म्हणजे २५६ नियम. संगणक ते सारे चहा होईपर्यंत चालवतो आणि सर्वांत चांगला वर आणून ठेवतो. उरलेले २५५ कुणी पाहत नाही. आपण म्हणतो, ‘माझा नियम चालला.’

यात शुद्ध नशिबाचा वाटा किती, हे मोजता येतं. निर्देशांकापेक्षा जास्त मिळालेला सरासरी वार्षिक परतावा घ्या आणि त्याच्या वर्षाकाठच्या चढउताराने भागा. हा आकडा अर्ध्याच्या वर टिकला तरी व्यावसायिक लोक मान डोलावतात. समजा, नियमात काहीच दम नाही, म्हणजे खरा आकडा शून्य आहे. दहा वर्षांच्या माहितीवर एका नियमाचा हा आकडा नुसत्या योगायोगाने साधारण ०.३ ने इकडेतिकडे होतो. पण तसे २५६ स्वतंत्र नियम चालवले, तर त्यांतल्या सर्वोत्तमाचा आकडा सरासरी ०.९ च्या आसपास येतो. दम शून्य, आणि दिसायला उत्कृष्ट. प्रत्यक्षात हे नियम एकमेकांची भावंडं असतात, पूर्ण स्वतंत्र नसतात, म्हणून फुगवटा यापेक्षा कमी असतो. पण तो असतोच. बेली, बोर्वाइन, लोपेझ दी प्राडो आणि झू यांनी २०१४ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात हाच हिशेब मांडला. पाच वर्षांची माहिती असेल तर पंचेचाळीसहून अधिक स्वतंत्र नियम तपासू नयेत. तेवढ्यात दम नसलेल्या नियमालाही १ इतका देखणा आकडा मिळणं जवळजवळ ठरलेलं असतं, असं ते सांगतात.

मी पूर्वी मानत असे की जितकं जास्त तपासू तितकी खात्री वाढते. गणित उलट सांगतं. प्रत्येक जास्तीच्या प्रयत्नाने विजेत्याच्या निकालाची किंमत कमी होते, आणि किती कमी झाली हे टाकून दिलेल्या प्रयत्नांची संख्या माहीत असल्याशिवाय कळत नाही. शेवटची तीन वर्षं बाजूला ठेवून त्यांच्यावर परीक्षा घेण्याचा उपाय पुस्तकांत असतो. तो चांगला आहे, पण एकदाच. तिथे नापास झाल्यावर परत येऊन नियम बदलला आणि पुन्हा त्याच तीन वर्षांवर चालवला की ती वर्षंही वापरली गेली.

म्हणून आता मी वही ठेवतो. नियम का चालावा याचं कारण चाचणीआधी तिच्यात लिहितो, प्रत्येक प्रयत्न नोंदवतो, फसलेलाही. विजेत्याच्या शेजाऱ्यांकडे बघतो. अकरा महिन्यांना उत्तम निकाल आणि दहा किंवा बारा महिन्यांना रडका, असं असेल तर तो नियम मी सोडून देतो. बाजारात खरं काही असेल तर ते एका महिन्याच्या फरकाने नाहीसं होत नाही. खरेदी-विक्री दोन्हीकडचा ०.१ टक्का एसटीटी आणि अल्पकालीन नफ्यावरचा २० टक्के कर आधीच वजा करतो; दर महिन्याला उलाढाल करणारे बरेच नियम तिथेच संपतात. बॅकटेस्टचं काम कल्पना नाकारणं हे आहे, असं आता माझं मत आहे. हे काम ती फार चांगलं करते.

जी कल्पना नाकारली गेली नाही, तिच्याबद्दलही अपेक्षा कमी ठेवतो. मॅक्लीन आणि पाँटिफ यांनी २०१६ मध्ये संशोधनात प्रसिद्ध झालेल्या ९७ संकेतांचा मागोवा घेतला. मूळ अभ्यासाच्या कालखंडाबाहेर त्यांचा परतावा २६ टक्क्यांनी कमी भरला आणि प्रसिद्धीनंतर ५८ टक्क्यांनी. हे संकेत तज्ज्ञांनी पारखलेले होते, घरच्या संगणकावर रात्रीत शोधलेले नव्हते.

तुमच्यापुढे कुणी चढत्या रेघेचा आलेख ठेवला, मग तो मित्र असो, सल्लागार असो वा फंड, तर दोन गोष्टी विचारा. कंपन्यांची यादी कोणत्या तारखेची होती, आणि हा नियम हाती लागण्याआधी किती टाकून दिले. मग आलेखावर नियम जाहीर झाल्याची तारीख शोधा. निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला, त्याचा आलेख मात्र २००५ पासून काढलेला असतो. पहिली पंधरा वर्षं मागे वळून मोजलेली आहेत. पैसे घालायचे की नाही हे ठरवताना त्या तारखेच्या उजवीकडचा भाग वेगळा काढून बघा.