एका वाक्यातून गेलेल्या वस्तू

गोष्ट लिहायची होती १७३७ सालची. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले. वसई पडायला अजून दोन वर्षे होती. कल्याण आधीपासून आपल्याकडे होते. म्हणजे माझा कारकून कार्तिकात कल्याणहून ठाण्याला जातो तेव्हा तो आपल्याच मुलखातून जातो, पण खाडीत पुढे वसईच्या बाजूला लढाई चालूच आहे.

पहिला खर्डा मी डोंबिवलीत बसून, म्हणजे या दोन गावांच्या मधोमध बसून लिहिला. त्यातले एक वाक्य असे होते: ‘सकाळी सात वीसला त्याने चहा घेतला, पगार खिशात टाकला, दाराला कुलूप लावले आणि तो कल्याणहून ठाण्याला निघाला, अर्ध्या तासात पोचला.’ घाईत, हाताला सापडेल तसे लिहिलेले. नंतर त्यातली एकेक वस्तू उचलून बाहेर ठेवत गेलो. ही त्या वस्तूंची यादी.

चहा. तो गेलाच. त्याच्या जागी काय ठेवायचे, यात मात्र एक संध्याकाळ गेली. रात्रीची भाकरी आणि ताक. तोंडी लावायला मिरची ठेवता येते. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, पण तोवर इकडे रुळली होती. बटाटाही त्याच वाटेने आला, तरी त्याची भाजी माझ्या कारकुनाच्या डब्यात घालता येत नाही. बटाटा इकडे रोजचा झाला तो पुढच्या शतकात. शिवाय डबाही नको, फडके.

सात वीस. चहापेक्षा हे अवघड. ‘सात वीस’ काढून ‘सूर्योदयानंतर दोन घटकांनी’ लिहिले की काम झाले असे वाटते. घटका चोवीस मिनिटांची, साठ घटकांचा दिवस-रात्र मिळून एक दिवस, साडेसात घटकांचा प्रहर. हिशेब बरोबर आहे, वाक्य चूक आहे. मिनिटांचे घटकांत नुसते रूपांतर केले की माणूस घड्याळाचाच राहतो, फक्त घड्याळ पाण्याचे होते. घटिकापात्र, म्हणजे बुडाला बारीक भोक पाडून पाण्यावर सोडलेली वाटी, वाड्यात, देवळात, मुहूर्तावर डोळा ठेवणाऱ्या जोशाजवळ असायची. कारकुनाच्या पडवीत नसायची. तो आभाळाकडे बघायचा. जुन्या पत्रांतही वेळ याच अंगाने येते: इतका दिवस चढला, इतका उरला, प्रहर रात्र झाली.

खाडीच्या पलीकडच्या ठाण्यात वेळ निराळी वाजत होती. तिथे दोनशे वर्षे पोर्तुगीज होते, चर्चची घंटा सकाळ, दुपार, संध्याकाळ ऐकू यायची. मासुंदा तलावाकाठचे चर्च आजही आहे. या मोहिमेतल्या कितीतरी घंटा मराठ्यांनी उतरवून आपल्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१ साल कोरलेले आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. मिनिट मात्र घंटेतही नव्हते. ते कल्याणात १ मे १८५४ ला आले असे म्हणायला हरकत नाही. त्या दिवशी आगगाडी ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत आली.

मग माझा माणूस निघतो केव्हा? याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही, डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या खाडीकाठी एका कोळी काकांकडून मिळाले. मी त्यांना विचारले, ‘काका, जुन्या काळी कल्याणहून होडी किती वाजता सुटत असेल?’ ते म्हणाले, ‘वाजता कसली? तिथी सांग.’ तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता मुंबईला भरती पूर्ण. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. सप्तमीला सव्वापाच. कल्याण खाडीत आत, म्हणून तिथे त्याहून उशिरा. पाणी पुरते भरले की थोडे थबकते आणि ओहोटी लागते. कल्याणहून ठाण्याकडे जायचे ते खाली, म्हणून ओहोटीबरोबर. परतायचे ते भरतीबरोबर. पाणी उलटे असताना वल्हे मारणारा एकतर अडाणी, नाहीतर कर्जात, हे काकांचे मत. उधाण आणि भांग हे शब्दही त्यांनीच वापरले. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, ती सगळ्यांना ठाऊक असते. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे मंद पाणी. हा शब्द माझ्या सोसायटीत कुणाला विचारला तर होळी आठवेल.

म्हणून मी कार्तिक वद्य सप्तमी धरली. त्या तिथीला कल्याणची ओहोटी उजाडण्याच्या सुमाराला लागते आणि चंद्र अजून जवळजवळ डोक्यावर असतो. सात वीसच्या जागी आकडा आला नाही, पाणी आले.

पगार. इथे मी फसलो होतो. पगार हा शब्द इतका आजचा वाटतो की तो मी सर्वांत आधी खोडला आणि ‘वेतन’ लिहिले. पगार पोर्तुगीज आहे, पागार म्हणजे पैसे चुकते करणे. चावी, बिजागरी, घमेले, पाव, साबण त्याच घरचे किंवा त्या घराला लागून असलेले. १७३७ च्या ठाण्यात पोर्तुगीज शब्द उपरा कसा ठरेल? कारकून कल्याणचा, पेशव्यांच्या दफ्तरात वाढलेला. त्याच्या तोंडी रोजमुरा किंवा मुशाहिरा. ठाण्यात जन्म काढलेला नावाडी त्याच पैशाला पगार म्हणाला तर मी त्याला अडवणार नाही. ‘वेतन’ मात्र दोघांच्याही तोंडी नको. शब्द संस्कृतातला जुना, पण रोजच्या बोलण्यात तो आणला तो आजच्या कचेरीने.

मराठीत ऐतिहासिक गोष्ट लिहिणाऱ्याचा खरा शत्रू इंग्रजी शब्द नव्हे. टेबल, स्टेशन, मिनिट हे लगेच दिसतात, मूलही काढील. फसवतो तो संस्कृत पोशाखातला नवा शब्द. दिनांक आणि क्रमांक सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आले, हुतात्माही. म्हणजे सगळे विसाव्या शतकातले. चिमाजी अप्पांच्या शिपायाला कथेत हुतात्मा म्हणणे आणि त्याच्या हातात मोबाइल देणे यात मला तरी फरक दिसत नाही. उलट फारसी शब्द परके म्हणून काढले की काळच निघून जातो. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या सुमारास राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. असा कोश लागला यावरूनच कळते की कचेरीत रोज बोलले जात होते ते फारसी शब्द. कोशानंतरही साठ वर्षांनी, १७३७ च्या पत्रांत, ते तसेच भेटतात.

कुलूप. राहिले. अरबी-फारसी कुफ्ल, जुने. लावले, घातले, दोन्ही चालेल.

खिसा. शब्दही फारसी, कीसा, म्हणजे थैली. शब्द जुना, म्हणून मी तो ठेवला होता. बायकोने वाचताना विचारले, ‘खिसा कशाला शिवलाय?’ तेव्हा लक्षात आले की धोतराला खिसा नसतो. शब्द त्या काळात होता, पण त्याची आजची जागा नव्हती. कनवटीला लावायचे, नाहीतर कमरेच्या कशात. ही चूक शब्दकोश पकडून देत नाही. मोल्सवर्थमध्ये शब्द सापडला म्हणजे तो १८३१ ला होता एवढेच कळते, तेही माझ्या गोष्टीनंतर जवळपास शंभर वर्षांनी. वस्तू कुठे होती हे त्यात पाहावे लागते, आणि त्याहून बरे म्हणजे पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत त्याच मोहिमेची पत्रे वाचणे. तिथे शब्द एकटा येत नाही. त्याच्या शेजारी माणूस असतो, पैसे असतात, पाऊस असतो.

धन्यवाद. मूळ वाक्यात नव्हता, पुढच्या वाक्यात होता. ठाण्याला उतरताना कारकून नावाड्याला धन्यवाद म्हणत होता. काढला. आता तो त्याला एक शिवराई जास्त देतो.

अर्धा तास. आजच्या लोकलला कल्याण ते ठाणे साधारण तेवढाच लागतो. ओहोटीने मचवा घेऊन गेले तर प्रहरभर तरी धरावा. यामुळे पुढचे पानही बदलले. अर्ध्या तासात पोचणारा माणूस वाटेत काही पाहत नाही. प्रहरभर मचव्यात बसलेल्याला कुणाशी तरी बोलावेच लागते, म्हणून कथेत नसलेला एक मिठागरवाला आला आणि तोच पुढे महत्त्वाचा झाला.

एक वस्तू मात्र मी मुद्दाम बाहेर काढली नाही, ती म्हणजे आजचे व्याकरण. एका संपादकांनी सुचवले होते की ‘गेला’च्या जागी ‘गेला असे’, ‘झाला’च्या जागी ‘जाहला’ घातले की बखरीचा वास येईल. वास येतो, खरे आहे. पण ‘चहा घेतला’चे ‘चहा घेतला असे’ झाले तरी चहा तिथेच राहतो. निवेदन माझे आहे, आजचे आहे, ते आजच्या क्रियापदांत चालू दे. फक्त त्याच्या हाताला लागतील त्या वस्तू त्याच्याच काळातल्या हव्यात. पात्राने लिहिलेले पत्र आले तर गोष्ट वेगळी. तिथे शके १६५९ पिंगळनाम संवत्सर लिहावेच लागते आणि दिनांक चालत नाही.

शेवटी वाक्य असे झाले:

‘सप्तमीचा चंद्र अजून माथ्यावरून पुरता कलला नव्हता. त्याने रात्रीची भाकरी ताकाशी खाल्ली, रोजमुऱ्याचे रुपये कनवटीला लावले, दाराला कुलूप घातले. ओहोटी लागली तसा तो कल्याणच्या बंदरात मचव्यावर चढला आणि दिवस प्रहरभर चढला तेव्हा ठाण्याच्या कोटाखाली उतरला.’

मूळ वाक्यातले शब्द मोजले. ‘त्याने’, ‘दाराला’, ‘कुलूप’, ‘लावले’, ‘आणि’, ‘तो’ एवढे जसेच्या तसे राहिले, त्यातले ‘लावले’ कुलपाकडून रुपयांकडे गेले. गावांची नावेही राहिली, प्रत्यय बदलून.

‘बंदर’ हा शब्द मी आणला, त्याला शोधावे लागले नाही. कल्याणला रेतीबंदर आहे, डोंबिवलीला आहे, मुंब्र्यालाही आहे. आमच्या स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाला ‘रेतीबंदर, रेतीबंदर’ ओरडतो. गेल्या आठवड्यात त्याला विचारले की तिथून होडी सुटते का. तो म्हणाला, तिसरी सीट झाली की निघू.