जुन्या आठाचा उजेड

पैशाचं पहिलंच काम. वजनकाट्याच्या फोटोत ८८.८ दिसत होतं, क्लायंटला ११.५ हवं होतं. आकडे बदलून पाठवले. उत्तर आलं, "स्टिकर वाटतंय."

रात्रभर ब्लर वाढवत बसलो. चूक भलतीकडेच होती. आठात सातही पट्ट्या पेटतात, एकात दोनच. मी आठ पुसला, पण त्याचा लाल उजेड काळ्या काचेवर तसाच पसरलेला! आधी तो क्लोन स्टॅम्पने काढला. मग नव्या पट्ट्या मधोमध जवळजवळ पांढऱ्या ठेवल्या, लाली फक्त कडांना. त्यांच्या दोन कॉप्या केल्या, एक किंचित ब्लर, दुसरी भरपूर, दोन्ही स्क्रीन मोडवर. विझलेल्या पट्ट्याही पुसटशा दिसू दिल्या.

सकाळी आईने स्क्रीनकडे पाहिलं. "काटा कुणी चालू ठेवलाय रे?"