नव्वद हजारांचे पाचशे

शाळेत सारांशलेखन शिकवताना मी उताऱ्याचा एक तृतीयांश करायला सांगत असे. लंडनच्या माझ्या नातीने इंग्रजीत कादंबरी लिहिली आहे, ९०,००० शब्दांची. तिथल्या साहित्यिक एजंटांना पहिल्या काही प्रकरणांबरोबर साऱ्या कथानकाचा एकपानी गोषवारा द्यावा लागतो, साधारण ५०० शब्दांचा. म्हणजे एकशेऐंशीवा भाग! (आपल्याकडे लेखक बाड घेऊन बहुधा थेट प्रकाशकाकडे जातो, त्यामुळे ही कसरत आपल्या ओळखीची नाही.)

तिने प्रत्येक प्रकरणाला दोन-दोन ओळी दिल्या आणि शेवटी लिहिलं, 'पुढचं रहस्य कादंबरीतच वाचा.' मी म्हटलं, "अगं, हे मलपृष्ठावर शोभेल. एजंटाला भुलवायचं नाहीये. हिला गोष्ट शेवटापर्यंत नेता येते का, हे त्याला बघायचंय."

मग सरावाला 'जेन एअर' घेतली. १८४७ ची, ३८ प्रकरणांची, दोघींच्याही आवडीची. तिथे जेन स्वतःच 'मी' म्हणून सांगते. पण गोषवाऱ्यात 'ती' येते आणि काळ वर्तमान. नावं चारच ठेवली: जेन, रॉचेस्टर, बर्था, सेंट जॉन. शाळेतली आठ वर्षं एका वाक्यात बसवली. हेलन बर्न्स गेली, तेव्हा मला फार वाईट वाटलं, पण तिच्यावाचून पुढचं काही अडत नाही. ग्रेस पूलही गेली. ती वाचकाला चकवायला आहे, आणि इथे चकवायचं कुणालाच नाही. लग्नाच्या वेळी कळतं की रॉचेस्टरची वेडी बायको बर्था त्याच वाड्यात कोंडलेली आहे. हे सरळ लिहायचं.

शेवट तिने असा केला: 'जेन परत येते आणि दोघं लग्न करतात.' खोटं काहीच नाही, पण मग आधी ती निघून का गेली? त्याची बायको जिवंत होती आणि ठेवलेली बाई होऊन राहणं जेनला मान्य नव्हतं, म्हणून. आता काकाचे २०,००० पौंड मिळतात, ते ती तीन भावंडांबरोबर वाटून घेते, म्हणून तिला कुणाच्या आधाराची गरज उरत नाही. सेंट जॉन लग्नाचा आग्रह धरतो, पण तिला दुरून रॉचेस्टरची हाक ऐकू येते (हा योगायोगही लपवायचा नाही), म्हणून ती परतते. तिथे कळतं की बर्थाने वाडा पेटवला आणि छतावरून उडी घेऊन ती मेली. तिला वाचवताना रॉचेस्टरचे डोळे आणि एक हात गेला. आता लग्नाला अडसर नाही.

बघा, दोन वाक्यांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसलं पाहिजे. नुसतं 'आणि मग' बसत असेल, तर वाक्य जादा आहे, नाहीतर कारण राहून गेलंय.

ही कसोटी तिने स्वतःच्या पानाला लावली. नायिका आजोळचं घर विकते, त्याच्या आधी 'म्हणून' सापडेना. पानात नव्हतं, म्हणून तिने कादंबरी उघडून पाहिली. तिथेही नव्हतं! दोन दिवस बाईसाहेबांचा फोन नाही. काल आला, म्हणाली, "आजी, गोषवारा थांबवलाय. शेवटची दोन प्रकरणं पुन्हा लिहितेय."