गंगावनाचा हिशेब

गंगावने व टोप विकण्याचा उद्योग मी पुण्यात मांडला तो एका शिस्तीवर, की केस कोणत्या मार्गाने बाजारात आला हे उमजल्याखेरीज त्याचा दर बोलावयाचा नाही. केसाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खवले मुळाकडून टोकाकडे उतरत जातात. तिरुपतीसारख्या क्षेत्री मुंडणापूर्वीच जुडी बांधली गेली म्हणजे ती दिशा कायम राहते, आणि देवस्थान लांबीनुसार प्रतवारी करून लिलावाने विकते तो हा माल व्यापारात ‘रेमी’ म्हणून मान्यता पावतो. याउलट घरोघरी फणीत अडकलेले गुंतवळ फेरीवाल्यांकडून जमा होते, त्यात मुळे व टोके मिसळलेली असल्यामुळे खवले परस्परांत अडकतात. म्हणून कारखानदार ते आम्लात बुडवून खवलेच झिजवतो व वर सिलिकॉनचा लेप चढवितो.

नव्या स्थितीत हा दुसरा माल पहिल्याहून अधिक चकाकतो, हीच त्यातली मेख. म्हणून मी बट चिमटीत धरून बोटे टोकाकडून मुळाकडे ओढून पाहते. रेमी केस किंचित अडखळतो; दोन्ही दिशांना सारखाच गुळगुळीत लागला तर संशय धरावा. पुढे तीच बट साबणाच्या पाण्यात अनेकदा धुऊन, वाळवून विंचरते; लेप उतरला की गाठी आपोआप साक्ष देतात. एका व्यापाऱ्याचा नमुना निर्दोष, परंतु आलेल्या जुड्यांच्या पोटात मात्र गुंतवळ दडलेले, असा मामला घडल्यापासून प्रत्येक जुडी मधोमध उलगडल्याविना मी रक्कम चुकती करीत नाही.

किमतीचा खरा गुंता लांबीत आहे. अठरा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या जुडीत आखूड केस पुष्कळ, त्यामुळे वेणीचे टोक उंदराच्या शेपटासारखे निमुळते होते. ते आखूड केस हाताने वेचून काढले की ‘डबल ड्रॉन’ प्रत सिद्ध होते. माझ्या एका खरेदीत किलोस वीस हजार पडले. वेचणीनंतर साडेसहाशे ग्रॅम पूर्ण लांबीचा माल उरला, अडीचशे ग्रॅम आखूड केस अंबाड्यांच्या कारागिराने दोन हजारांस घेतले आणि शंभर ग्रॅम वाया गेले. म्हणजे अठरा हजार साडेसहाशे ग्रॅमवर बसले, शंभर ग्रॅमच्या गंगावनास केवळ केसांचेच सुमारे दोन हजार सातशे सत्तर रुपये. शिलाई व वेष्टन यांचे सव्वातीनशे धरता ते तीन हजार शंभराच्या आसपास जाते आणि मी साडेचार हजार मागते, कारण या तफावतीतूनच भाडे, वेचणारणीची मजुरी आणि परत आलेल्या मालाची तूट भागवावी लागते.

साडेचार हजार ऐकून ग्राहकीण दचकली, तर ते गंगावन लग्नापुरते हवे की रोजच्या वापरास, एवढेच मी विचारते. लग्नापुरते असल्यास कृत्रिम धाग्याचे शेकड्यांतले गंगावन देते व स्पष्ट बजावते, “ताई, याला इस्त्री वा गरम चिमटा लावू नका, वितळेल.”