गणवेशाचा मक्ता

दुकानदाराने आमच्या घरच्या साबणावर ठपका ठेवला, त्याचा संताप अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही. मुलगा पाचवीत गेला, गणवेशाचे कापड एका विशिष्ट दुकानातूनच घ्यावे अशी शाळेची ताकीद आली, कापड घेतले, शिवले. आणि दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वीच त्याची गडद निळी पँट गुडघ्यांवर, बसण्याच्या जागी आणि खिशांच्या कडांवर राखेसारखी पांढुरकी पडली. ती घेऊन मी दुकानात गेले, तेव्हा पँटकडे न पाहताच दुकानदार म्हणाला, "वहिनी, साबण कडक असेल तुमचा, नाहीतर पाणी जड असेल."

आमच्या शिंप्याला, ज्यांना सारी आळी मास्तर म्हणते, मी ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी कापणीत उरलेली त्याच कापडाची कोरी चिंधी शोधून दिली आणि म्हणाले, "ताई, हिलाच साक्षीला काढा." ठोक बाजारातील एका जुन्या पेढीवरून मी त्याच रंगाचे थोडे कापड आणले, दोन्ही तुकड्यांना पांढऱ्या सुती कापडाचे एकेक ठिगळ टाचले, आणि घरच्याच साबणाच्या, हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात दोन्ही अर्धा तास निरनिराळ्या भांड्यांत भिजवून, चोळून, सावलीत वाळवले. हाच क्रम काही वेळा केल्यावर दुकानाच्या तुकड्याचे ठिगळ स्पष्ट निळसर झाले; पेढीच्या तुकड्याचे पांढरेच राहिले. साबण एक, पाणी एक, हात एक. मग दोष कोणाचा, हे ठरवण्यास निराळ्या पंचाची आवश्यकता उरली नाही.

कारण मास्तरांनी समजावले. गणवेशाच्या पँटचे कापड बहुधा पॉलिस्टर आणि व्हिस्कोस यांच्या मिश्रणाचे असते. दोन्ही तंतूंना रंग निरनिराळ्या जातीचे लागतात, आणि खर्च वाचवायचा झाला की व्हिस्कोसचा रंग कच्चा ठेवला जातो. शिवाय व्हिस्कोस ओले असताना दुर्बळ होते, त्यामुळे जेथे घर्षण अधिक, तेथे त्याचे तंतू आधी झिजतात, आणि दोन तंतूंच्या छटांत फरक असला की ती जागा पांढुरकी दिसते. ठिगळ निळे झाले, तर रंग कच्चा; ठिगळ स्वच्छ राहूनही केवळ कडा पांढरट झाल्या, तर झिजेचा दोष. आमच्या कापडात दोन्ही होते. हा पुरावा दुकानदारापुढे ठेवला, तरी त्याने चिंधी हातातही घेतली नाही. ज्याला गिऱ्हाईक सोडून जाण्याचे भयच नाही, त्याच्यापुढे पुरावा मांडून काय उपयोग! शाळेने असा मक्ता देताना निदान धुऊन पाहिलेला नमुना दफ्तरी ठेवावा, एवढी मागणी मी पालकसभेत केली. ती नोंदवून घेण्यात आली, आणि तेथेच राहिली.

आकसण्याची खातरजमा मात्र प्रत्येकाला घरी करता येते. कापडावर वीस इंचांची रेघ आखून ते धुवावे. रेघ एकोणीस इंच भरली, तर अठ्ठावीस इंचांची पँट जवळजवळ दीड इंच आखूड होणार, हे बेतण्यापूर्वीच कळते. वाढत्या मुलासाठी मास्तर कापड आधी भिजवून घेतात, पायाशी तीन इंचांची दुमड ठेवतात आणि कमरेच्या मागच्या शिवणीत दीड इंच माया सोडतात. तयार गणवेशात ही माया क्वचितच असते, म्हणूनच तो स्वस्त पडतो. सदऱ्यासाठी निव्वळ सुतीच हवे असा माझा आग्रह असे, कारण आमच्याकडचा घाम. परंतु पावसाळ्यात सुती सदरा दोन दिवस ओला राहतो हे पाहिल्यावर पॉलिस्टर-सुती मिश्रण मला अधिक व्यवहार्य वाटू लागले. उन्हाळ्यात पुन्हा माझे मन डळमळते.

बुटांविषयी थोडेच सांगते. पीयूचा तळवा हलका असतो, परंतु तो दमट गोदामात दीर्घकाळ पडून राहिला की आतून कुजतो आणि पायात घातल्यावर पोळीच्या तुकड्यांसारखा सुटून येतो. म्हणून खोक्यावरील निर्मितीचा महिना व वर्ष वाचल्यावाचून घेऊ नये. पीव्हीसीचा तळवा जड, परंतु पावसात तो तसा विरत नाही. मुलाला शाळेचे मोजे घालून, उभे करून, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते की नाही हे दाबून पाहावे. दोन वर्षे चालावेत म्हणून दोन मापे मोठे घेतलेले बूट टाचेशी घसरतात आणि दुमडीवर आधी फाटतात.

आता कापड मी त्या जुन्या पेढीवरूनच आणते. ते गृहस्थ काठावर गिरणीचे नाव असलेले कापड दाखवतात, पावतीवर तागा क्रमांक लिहून देतात, आणि धुऊन पाहण्यासाठी वीतभर तुकडा मागितला तर कातरतात. शाळेने छटेत किंचित फरक असल्याची तक्रार एकदा पाठवली आहे. उत्तरादाखल मी ते निळे ठिगळ पाठवले.