पट्टीवर उतरलेला विसापूर

पूर्वी मावळातली भटकंती घरातल्या टेबलावर सुरू व्हायची. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट पसरायची, 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर या प्रमाणाची. तपकिरी समोच्च रेषा 20-20 मीटरच्या फरकाने काढलेल्या, दर पाचवी ठळक. लोहगड आणि विसापूर म्हणजे रेषांची दोन बंद वेटोळी. त्यांच्यामधली खोलगट जागा ही गायमुख खिंड. रेषांची टोकं चढाकडे वळली की तिथे ओढा, उताराकडे वळली की सोंड. खिंडीच्या उत्तरेचं पाणी इंद्रायणीला आणि दक्षिणेचं पवनेला जातं, हे नद्यांची नावं न वाचताही कळायचं.

मग छेद काढायचा. विसापूर ते लोहगड पेन्सिलीने सरळ रेघ मारायची, साधारण 4 सेंटिमीटरची. तिच्यावर कागदाची पट्टी ठेवून प्रत्येक समोच्च रेषेपाशी खूण करायची आणि खुणेशेजारी उंची लिहायची. विसापूरच्या कडेला खुणा एकमेकींवर चढायच्या, खिंडीत पांगायच्या. 4 मिलिमीटरमध्ये पाच टप्पे आले तर 200 मीटर अंतरात 100 मीटर चढ, म्हणजे सुमारे 27 अंश. पट्टी आलेखकागदावर ठेवून 20 मीटरला 1 मिलिमीटर धरलं की डोंगर उभा राहायचा. पण अडीचपट ताणलेला. तो 27 अंशांचा चढ कागदावर 51 अंशांचा दिसायचा, म्हणून चढाचं गणित नेहमी आकड्यांवरून करायचं.

खुणा जोडताना हात एका जागी थबकायचा. दोन रेषांच्या मध्ये काय आहे, ते नकाशा सांगत नव्हता. 15 मीटरचा कातळकडा तिथे सहज लपू शकतो. अशा जागी आम्ही तुटक रेघ काढायचो आणि तिथली वाट गावात विचारायचो.

आज फोनवर बोट फिरवलं की छेद क्षणात मिळतो, तोही सलग, गुळगुळीत. बऱ्याच फुकट ॲपमागची उंची 30 मीटरच्या चौकोनाला एक अशी असते. त्यामुळे विसापूरचा उभा कडा तिरका उतार होतो आणि लोहगडाचा अरुंद विंचूकाटा बुटका, गोलसर दिसतो. खरी मोजणी कुठली आणि अंदाज कुठला, हे ती रेघ दाखवत नाही. मला ती तुटक रेघ आठवते, ती यासाठीच.

टोपोशीट मिळवणं मात्र आता सोपं झालंय. 2017 मध्ये 'नक्शे' पोर्टलवर ती मोफत उतरवता येऊ लागली. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय टाळावा आणि नकाशावरची प्रमाणपट्टी फूटपट्टीने मोजावी. 1 किलोमीटर बरोबर 2 सेंटिमीटर भरला, तरच कागदाची पट्टी त्यावर ठेवावी.